दहा वर्षांच्या मुलाला स्वयंपाक शिकवण्याचा रविवार: कोशिंबीर, खिचडी आणि कांदेपोहे

दहा वर्षांच्या मुलाला स्वयंपाक शिकवायचा म्हटलं की बहुतेक घरांत सुरुवात कांदेपोह्यांपासून होते, कारण ते सोपे वाटतात. पण पोह्यांची पहिलीच पायरी म्हणजे तापलेलं तेल आणि त्यात तडतडणारी मोहरी. लहान हाताला सगळ्यात जास्त धोका तिथेच असतो. म्हणून मी दिवसाचा क्रम पदार्थांच्या सोपेपणावर लावत नाही, आचेवर लावते. सकाळी आधी बिनआचेचा पदार्थ, मग पाण्यात शिजणारा, आणि तेलाची फोडणी सगळ्यात शेवटी, संध्याकाळच्या चहाच्या वेळी. पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही. फोडणीचं तेल मात्र सहज पावणेदोनशे अंशांच्या आसपास जातं आणि उडतंही. मूल तिथपर्यंत पोचेल तेव्हा सुरी कशी धरायची, झाकण कुठल्या बाजूने उघडायचं आणि गॅस कसा बंद करायचा हे त्याच्या हातात बसलेलं असलं पाहिजे.

खालची आखणी माझ्या भाचीबरोबरच्या एका रविवारची आहे. ती पाचवीत आहे. जेवायला आम्ही चौघं होतो आणि महिना फेब्रुवारी, म्हणजे नाशकात द्राक्षांचे ऐन दिवस.

शनिवारची संध्याकाळ: बाजार

मुलाला बाजारात बरोबर न्याच. भद्रकालीच्या भाजीबाजारात जा किंवा कॉलनीतल्या हातगाडीवर जा, यादी त्याच्या हातात द्या आणि निवडूही त्यालाच द्या. यादी छोटी: दोन काकड्या, पाव किलो द्राक्षं, दोन मध्यम कांदे, दोन हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, कढीपत्ता, दोन लिंबं. तांदूळ, मूगडाळ, जाडे पोहे, दाणे आणि दही घरात असतंच.

द्राक्षाचा घड घेताना मण्यांच्या आधी देठ बघायला शिकवा. देठ हिरवा आणि लवचिक असेल तर घड ताजा, तपकिरी होऊन वाळला असेल तर माल जुना. मण्यांवरची पांढुरकी लव बघून भाची म्हणाली, “मावशी, ही पावडर मारलीय.” ती लव द्राक्षाचीच, नैसर्गिक मेणासारखी असते आणि ताज्या, कमी हाताळलेल्या घडावर ती जास्त दिसते. तरी बागांमध्ये फवारण्या होतातच. म्हणून मणी देठावरून सुटे करून नळाच्या वाहत्या पाण्याखाली हातांनी चोळून धुवायचे. अख्खा घड पाण्यात बुडवून काढला तर आतल्या मण्यांपर्यंत पाणी नीट पोचत नाही.

कांदा घेताना इथला आणखी एक फरक कळतो. फेब्रुवारीत बाजारात लाल आणि रांगडा कांदा असतो. साठवणुकीचा उन्हाळ कांदा त्यानंतर येतो. लाल कांद्यात पाणी जास्त, त्यामुळे तो लवकर मऊ पडतो, पण तेलात जास्त तडतडतो. संध्याकाळी फोडणीच्या वेळी हे उपयोगी पडणार आहे.

रविवार, सकाळी दहा: आधी ओट्याची उंची

दहा वर्षांचं मूल साधारण १३५ ते १४० सेंटिमीटर उंच असतं आणि आपला ओटा ८५ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे ओटा त्याच्या कोपराशी येतो आणि शेगडीवर पातेलं ठेवलं की त्याची कड छातीपर्यंत. या उंचीवरून ढवळताना वाफ सरळ तोंडावर येते आणि हात वर उचलून धरावा लागतो, तो लवकर थकतो. त्यावर उपाय म्हणजे एक रुंद, जड लाकडी पाट. प्लास्टिकचं स्टूल नको, ते एका कडेला भार पडला की कलंडतं. पाटावर पाट रचायचेही नाहीत. पाटामुळे उंची पुरत नसेल तर शेगडीजवळचं काम पुढच्या वर्षावर टाका आणि चिरण्याचं काम खाली बसून करा. आपल्याकडे भाजी खाली बसून निवडतात-चिरतात ती रीत मुलांसाठी उत्तम आहे, कारण सुरी हातून सुटली तरी पायावर पडायला उंचीच नसते.

कपडे सुती आणि अंगासरशी. घेरदार फ्रॉक, ओढणी, लोंबत्या बाह्या नकोत. सिंथेटिक कापड पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं, म्हणून ते शेगडीजवळ अजिबात नको. केस बांधलेले, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या.

कामाला हात घालण्याआधी तांदूळ आणि डाळ भिजत घालायची. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, तीन पाण्यांनी धुऊन. शेवटचं पाणी बरंचसं नितळ दिसलं की पुरे. अर्धा तास भिजलं की उघड्या पातेल्यातही खिचडी वेळेत मऊ होते.

पहिला पदार्थ: काकडी-द्राक्षांची कोशिंबीर

या पदार्थात आच नाही, म्हणून सगळं लक्ष सुरीवर देता येतं. विळी या वयात नको, तिचं पातं उघडं आणि स्थिर असतं आणि बोटं त्याच्याकडे न्यावी लागतात. लहान मुठीत मावेल अशी, चार-पाच इंची पात्याची सुरी घ्या आणि तिला धार असू द्या. बोथट सुरी दिली तर मूल जोर लावतं आणि जोर लावलेली सुरी सालीवरून घसरते. चॉपिंग बोर्डखाली ओलं फडकं पिळून पसरा म्हणजे बोर्ड हलत नाही.

काकडी आधी तुम्ही उभी दोन भागांत कापून द्या. गोल काकडी गडगडते, सपाट बाजू खाली आली की जागच्या जागी राहते. आता धरणारा हात. बोटांची पेरं आत वळवायची, नखं काकडीवर टेकवायची आणि अंगठा बोटांच्या मागे लपवायचा. सुरीचं पातं बोटांच्या मधल्या सांध्याला टेकून खाली जातं, त्यामुळे नख त्याच्या वाटेत येत नाही. पहिल्या दहा-बारा चकत्या होईपर्यंत मुलाचं लक्ष सुरीच्या टोकाकडे असतं आणि अंगठा हळूच बाहेर डोकावतो. तुमची नजर त्या अंगठ्यावर हवी. तो बाहेर आला की फक्त “अंगठा” एवढंच म्हणा, हात धरू नका. चालत्या सुरीच्या हाताला मध्येच धरणं हाच एक धोका आहे.

काकडीची एक चकती चाखून बघायला सांगा, कडू निघाली तर ती काकडी बाजूला. मग दोन काकड्यांचे बारीक तुकडे, एक वाटी द्राक्षांचे उभे दोन-दोन भाग. घरात पाच वर्षांखालचं भावंडही जेवणार असेल तर त्याच्यासाठी प्रत्येक मणी उभा चार भागांत चिरा. अख्खं किंवा अर्धं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकतं, आणि ही गोष्ट मोठ्या भावंडाला या वयात नीट समजते.

दाणे तुम्ही आदल्या दिवशी भाजून ठेवा, साल मुलाला चोळून काढू द्या आणि कूट मिक्सरऐवजी खलबत्त्यात करा. दोन मोठे चमचे भरड कूट पुरतं. मित्रमैत्रिणी जेवायला येणार असतील तर कोणाला दाण्यांची अ‍ॅलर्जी आहे का, हे त्यांच्या घरी आधी विचारा.

आता काकडी, द्राक्षं, कूट आणि चिरलेली कोथिंबीर एकत्र करून झाकून ठेवायची. दही आणि मीठ इतक्यात घालायचं नाही. काकडीला मीठ लागलं की ती पाणी सोडते आणि पंधरा-वीस मिनिटांत कोशिंबिरीची पातळ कढी होते. मुलाला हे नुसतं सांगू नका, दाखवा. दोन चकत्या वाटीत घालून वर चिमूटभर मीठ टाका आणि वाटी बाजूला ठेवा. खिचडी शिजेपर्यंत वाटीच्या तळाशी पाणी जमलेलं असतं. भाचीने ते स्वतः वाटी कलती करून पाहिलं, त्यानंतर मीठ कधी घालायचं हे तिला सांगावं लागलं नाही. पानं वाढताना एक वाटी घट्ट दही, अर्धा छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर साखर घालून कालवायचं.

दुसरा पदार्थ: पातेल्यातली मुगाची खिचडी

कुकर नको. या वयाच्या मुलाला दाब दिसत नाही आणि शिट्टी थांबली म्हणजे झाकण उघडता येतं असं त्याला वाटतं. शिवाय कुकरमध्ये आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणजे शिकायला काही उरत नाही. जाड बुडाचं पातेलं घ्या, तेही मोठं. डाळ-तांदूळ आणि पाणी घातल्यावर ते अर्ध्याहून जास्त भरलेलं दिसता कामा नये.

शेगडी पेटवण्याच्या आधी विझवायला शिकवा. तुम्ही पेटवा, त्याने बंद करायची, असं चार-पाच वेळा. आपल्याकडच्या बऱ्याच शेगड्यांची बटणं दाबून फिरवली की आधी पूर्ण आच येते आणि आणखी पुढे फिरवलं की मंद. मुलांना उलटं वाटतं. आच कमी करायला म्हणून ती बटण मागे नेतात, मग ज्योत मोठीच राहते किंवा विझते आणि ती गोंधळतात. तुमच्या शेगडीचं बटण कसं आहे ते त्याच्या हाताला कळू द्या. नंतर पेटवणं: आधी लायटर बर्नरपाशी धरायचा, मग बटण फिरवायचं आणि लगेच खटका. दोन-तीन सेकंदांत पेटलं नाही तर बटण बंद करून मिनिटभर थांबायचं, साठलेला गॅस पांगू द्यायचा. वास येत राहिला तर कुठलंही विजेचं बटण चालू-बंद न करता खिडक्या उघडायच्या, सिलिंडरचा रेग्युलेटर तुम्ही बंद करायचा आणि सगळ्यांनी बाहेर पडायचं. एलपीजीसाठीचा आपत्कालीन क्रमांक १९०६ आहे, तो फ्रिजवर लिहून ठेवा.

पातेल्यात सहा वाट्या पाणी, पाव छोटा चमचा हळद, दीड छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा तूप. भिजलेले डाळ-तांदूळ निथळून पाणी गार असतानाच घालायचे, म्हणजे उकळत्या पाण्यात काही टाकताना उडण्याचा प्रश्न येत नाही. पातेलं तुम्ही उचलून शेगडीवर ठेवा. भरलेलं भांडं उचलणं आणि उतरवणं हे काम आज दिवसभर मोठ्या माणसाचं.

मध्यम आचेवर सात-आठ मिनिटांत उकळी येते आणि डाळीचा फेस चढायला लागतो. मूल इथे घाबरतं आणि झाकण घालायला धावतं, त्याने फेस आणखी जोरात उतू जातो. फेस कडेपासून दोन बोटं राहिला की आच मंद करायची आणि लांब दांड्याच्या डावाने एकदा ढवळायचं, एवढं पुरतं. तूप आधी घातलेलं असल्यामुळे फेस मुळात कमी येतो. डाव मुलाच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीचा तरी असावा, नाहीतर वाफ बोटांवर येते.

त्यानंतर झाकण थोडं तिरकं ठेवून वीस ते पंचवीस मिनिटं मंद आच. झाकण उघडणं हा या पदार्थातला खरा धडा. वाफेचा चटका उकळत्या पाण्याइतकाच लागतो आणि वाफ दिसत नाही. कोरडं फडकं हातात घ्यायचं, झाकणाची आपल्यापासून लांबची कड आधी उचलायची आणि झाकण ढालीसारखं स्वतःकडे तिरकं धरायचं, म्हणजे वाफ भिंतीकडे जाते. फडकं ओलं नको, ओल्या फडक्यातून चटका लगेच आत पोचतो. गॅस बंद करून दोन थंड झाकणांवर आधी सराव करून घेतला तर फार बरं.

शिजली की नाही ते डाळीवरून कळतं. एक दाणा चमच्यात घेऊन, फुंकर मारून, बोटांत चिरडायचा. मधे पांढरा टिपका दिसला तर आणखी पाच मिनिटं. खिचडी घट्ट झाली तर एक वाटी पाणी घाला, पण गरम, आणि ते तुम्ही ओता. बुडाशी लागल्याचा वास आला तर ढवळायचं नाही. ढवळलं की करपट चव सगळीकडे जाते. वरची खिचडी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढायची.

दुपारच्या जेवणाला खिचडी, वर तूप, बाजूला कोशिंबीर आणि भाजलेला पापड. उरलेली खिचडी ओट्यावर रात्रीपर्यंत ठेवू नका. शिजलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, नाहीतर त्यात वाढणाऱ्या जिवाणूंनी पोट बिघडतं आणि पुन्हा गरम करूनही ते विष पूर्ण जात नाही.

जेवणानंतर भांडी मुलाने घासायला हरकत नाही, फक्त सुरी साबणाच्या पाण्यात टाकायची नाही. फेसाखाली ती दिसत नाही. ती वेगळी धुऊन लगेच पुसून ठेवायची. मग दोन-अडीच तास सुट्टी. दमलेल्या मुलाला फोडणीपाशी उभं करू नका.

तिसरा पदार्थ, दुपारी चार: कांदेपोहे

चौघांसाठी तीन वाट्या जाडे पोहे. चाळणीत घालून नळाखाली धरायचे, हाताने हलकेच फिरवायचे, पाणी निथळलं की चाळणी ताटावर ठेवून दहा मिनिटं थांबायचं. पोहा दोन बोटांत दाबला तर सहज मोडला पाहिजे, त्याचा लगदा होता कामा नये. कोरडा राहिला तर पाण्याचा हबका मारा. लगदा झाला तर ताटात पसरून वाऱ्याला ठेवा.

आता सगळी आखणी अशी करायची की तेल तापल्यावर मुलाला कुठे धावावं लागणार नाही. हळद अर्धा छोटा चमचा, मीठ एक छोटा चमचा आणि साखर एक छोटा चमचा हे पोह्यांवरच टाकून हाताने कालवून ठेवा. त्यामुळे तेलात हळद करपण्याचाही प्रश्न मिटतो. दाणे भाजलेलेच आहेत, ते शेवटी घालायचे. मिरच्या तुम्ही मोठे तुकडे करून द्या. तिखटाचा अंश नुसत्या पाण्याने बोटांवरून जात नाही, आणि मूल दहा मिनिटांत डोळा चोळतंच. कांदा तुम्ही अर्धा कापून द्या, सपाट बाजू खाली ठेवून सकाळच्याच पकडीने तो चिरेल. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेला कांदा डोळ्यांना कमी झोंबतो.

कढीपत्ता धुऊन पूर्ण कोरडा पुसा, मिरच्याही पुसा. तेल उडतं ते पाण्यामुळे. पाण्याचा थेंब तापलेल्या तेलात पडताच त्याची वाफ होते आणि ती तेलाला घेऊन बाहेर पडते.

कढई खोलगट असू द्या, तिचे कान किंवा दांडा भिंतीकडे वळवलेला. दोन मोठे चमचे तेल, मध्यम आच. मोहरीचा एकच दाणा टाकायचा. तो तळाशी गप्प बसला तर थांबायचं, लगेच तडतडला तर तेल तयार. तेलातून धूर दिसला तर जास्त तापलं, गॅस बंद करून दोन मिनिटं थांबायचं. तेल तयार झालं की आधी आच बंद आणि मग मुलाने एक छोटा चमचा मोहरी कढईच्या कडेने सोडायची, उंचावरून टाकायची नाही. तापलेल्या तेलात मोहरी बंद आचेवरही तडतडते. दुसऱ्या हातात झाकण ढालीसारखं. तडतड थांबली की जिरं, हिंग, मग मिरची. कढीपत्ता आज तुम्ही टाका, तो सगळ्यात जास्त उडतो.

लगेच कांदा घालायचा आणि मंद आच पुन्हा सुरू. कांदा पडला की तेलाचं तापमान उतरतं आणि धोक्याचा भाग संपतो. म्हणून कांद्याचं ताट कढईच्या शेजारीच, हाताच्या अंतरावर हवं. लाल कांदा असेल तर पहिलं अर्धं मिनिट चुरचुर जास्त होते, तेवढा वेळ मुलाला एक पाऊल मागे उभं करा. चार-पाच मिनिटांत कांदा पारदर्शक होतो. मग कालवलेले पोहे, दाणे, खालून वर हलक्या हाताने परतणं आणि झाकण ठेवून तीन मिनिटं मंद वाफ. झाकण सकाळच्याच पद्धतीने उघडायचं. गॅस बंद, लिंबू, कोथिंबीर.

पहिल्यांदा पोहे कोरडे होण्याचीच शक्यता जास्त असते, कारण मूल चाळणी लवकर नळाखालून काढतं. मूठभर पाणी शिंपडून पुन्हा दोन मिनिटं झाकलं की काम होतं.

चटका बसला तर

हे दिवस सुरू होण्याआधीच मुलाला सांगा आणि नळापाशी नेऊन दाखवा. भाजलेला भाग नळाच्या साध्या गार पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटं धरायचा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही. नंतर स्वच्छ, कोरड्या सुती कापडाने सैल झाकायचं. चेहरा, हाताचा पंजा किंवा सांधा भाजला असेल, फोड आले असतील किंवा भाजलेला भाग मुलाच्या तळहाताहून मोठा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात टाकायचं नाही. मुलाने मागे सरून हाक मारायची, आणि तुम्ही गॅस बंद करून वरून झाकण घालायचं. मुलाचं काम तेवढंच, हे त्याला दोनदा सांगा.

पुढच्या रविवारी नवा पदार्थ घेऊ नका, हेच तीन पुन्हा करा. तेव्हा बटण, झाकण आणि अंगठा या तीन गोष्टी न सांगता होतात का ते बघा. झाल्या तर कढीपत्ताही त्याला टाकू द्या. तळण, कुकर आणि मिक्सर बारा-तेरा वर्षांपर्यंत थांबू शकतात.